काढा आटतो तेव्हा

2020 मध्ये करोनाची साथ आली तेव्हा आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा घ्यायला सुचवलं आणि घरोघरी पातेली चढली. बहुतेकांनी पाचही जिन्नस एकदम पाण्यात टाकले आणि खळखळून उकळले. घरभर तुळशीचा वास सुटला की काढा छान झाला असं वाटायचं. खरं तर तो वास म्हणजे पातेल्यातून निघून गेलेली तुळस होती.

पान आणि साल या दोघांना एकच वागणूक देता येत नाही. तुळस, पुदिना, गवती चहा यांचं सत्त्व पानातल्या सुगंधी तेलात असतं. उकळतं पाणी लागताच ते सुटतं आणि उकळत ठेवलं तर वाफेबरोबर उडून जातं. मूळ आणि साल यांचं उलट आहे. झाडाला उभं ठेवायचं आणि आतला ओलावा राखायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांच्या पेशींच्या भिंती जाड आणि लाकडासारख्या कडक असतात. आतली तुरट, कडू द्रव्यं बाहेर काढायची तर पाण्याला आतपर्यंत शिरायला वेळ द्यावा लागतो आणि उष्णता टिकवून धरावी लागते.

म्हणून आयुर्वेदात पहिल्या पद्धतीला फांट आणि दुसरीला क्वाथ, म्हणजे आपला काढा, अशी वेगळी नावं आहेत. शार्ङ्गधरसंहितेत दोन्हींची मापं दिली आहेत. फांटासाठी कुटलेल्या वनस्पतीच्या चौपट गरम पाणी घ्यायचं, त्यात ती मुरू द्यायची, कुस्करायची आणि गाळायची. पातेलं पुन्हा विस्तवावर जात नाही. काढ्यासाठी सोळापट पाणी घालून ते आटवायचं. शार्ङ्गधर आठवा भाग उरवायला सांगतो. आज बहुतेक वैद्य चौथ्या भागावर थांबतात.

इतकं पाणी घालून पुन्हा आटवायचं, तर मुळात कमीच का घालू नये, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर दुसऱ्या एका नियमात आहे. मऊ द्रव्याला चौपट, मध्यम कडक द्रव्याला आठपट आणि फार कडक द्रव्याला सोळापट पाणी घ्यावं आणि प्रत्येक वेळी चौथा हिस्सा उरवावा, असं सांगितलेलं आहे. द्रव्य जितकं कठीण, तितकं आटवायचं पाणी जास्त, म्हणजे तितका जास्त वेळ ते विस्तवावर राहणार. घड्याळ नसलेल्या घरात वेळ मोजण्याची ही पद्धत होती. मात्र हे माप मंद आचेवरच खरं ठरतं. मोठ्या आचेवर तेवढंच पाणी काही मिनिटांत उडतं. भांड्यात उरलेला चौथा हिस्सा दिसायला बरोबर असतो, पण सालीचा तुकडा आतून जवळजवळ कोराच राहतो. घरचे काढे फिके होतात ते बहुधा इथेच.

दशमुळांचं उदाहरण घेऊ. बाळंतिणीसाठी महाराष्ट्रात वैद्य पूर्वीपासून दशमुळं देत आले आहेत. बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण ही पाच झाडं आणि सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू या पाच लहान वनस्पती मिळून ती होतात. काष्ठौषधींच्या दुकानात मागताना भरड मागा, चूर्ण नको. साधारण ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. बारीक पूड पाण्यात गेली की पिठूळ होते, तळाला लागते आणि फडक्यातून गाळली जात नाही. मोठे तुकडे मिळाले तर खलबत्त्यात कुटून घ्या.

दहा ग्रॅम भरड आणि 160 मिली पाणी घ्या. भरड रात्री त्याच पाण्यात भिजत घाला, म्हणजे वाळलेली मुळं फुगतात. भिजत घालण्यापूर्वी भांड्यात नुसतं 40 मिली पाणी ओतून एक स्वच्छ काडी तळाला उभी टेकवा आणि पाणी जिथवर आलं तिथे खूण करा. मग बाकीचं पाणी आणि भरड घाला. काढा कुठवर आटला हे सकाळी अंदाजाने ठरवावं लागणार नाही. गाळेपर्यंत भरड थोडं पाणी धरून ठेवते, म्हणून खुणेच्या जरा वरच थांबलेलं बरं.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं असावं. लोखंडाच्या कढईत सालीतली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळून काढा काळाशार होतो. तो रंग औषधाचा नसतो. तोंड उघडं ठेवा, आच इतकी मंद ठेवा की कडेला बारीक बुडबुडे येत राहतील, आणि मधूनमधून ढवळा. इतक्या पाण्याला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागायला हवा. दहा मिनिटांत खूण गाठली तर आच मोठी होती असं समजा. काढा झाला की नाही हे एका तुकड्यावरून कळतं. तो बाहेर काढून नखाने दाबला तर दबतो, आतपर्यंत गडद झालेला असतो आणि चावला तर कडू-तुरट चव जवळजवळ गेलेली असते. चव तशीच असेल तर ती अजून पाण्यात उतरलेली नाही. करपल्याचा वास आला तर तो काढा टाकूनच द्यावा, पाणी घालून वाचवू नये.

गरम असतानाच गाळा. थंड होताना काढा गढूळ होतो, कारण गरम पाण्यात विरघळलेली काही द्रव्यं गारव्याने तळाशी बसतात. ते बिघडणं नव्हे. ढवळून, कोमट करून घ्यावा. पण काढा टिकाऊ नाही. रोजचा रोज करावा. आंबूस वास किंवा फेस आला तर तो नासला.

मूळ किंवा साल दिसली की उकळायची, इतकं मात्र हे सरळ नाही. वाळा हे मूळच, पण त्याचं सगळं मोल सुवासात आहे, म्हणून तो माठातल्या गार पाण्यात घालतात. उपळसरीचं सुगंधी मूळही रात्रभर थंड पाण्यात ठेवून सकाळी गाळतात; त्याला हिम म्हणतात. दालचिनी साल असली तरी सुगंधी आहे, तिला फार वेळ उकळू नये. मिश्रण करायचं असेल तर कडक द्रव्यांचा काढा आधी आटवून गाळावा, आणि आचेवरून उतरवल्यावर तुळशीची पानं टाकून झाकण ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा गाळावं. म्हणजे आधी काढा आणि मग त्यातच फांट. 2020 मध्ये पातेल्यात जे झालं, ते असं करायला हवं होतं.

काढ्याला वनस्पतीची ताकद असते म्हणूनच जपावंही लागतं. ज्येष्ठमधाचं मूळ गोड आणि निरुपद्रवी वाटतं, पण रोज बराच काळ घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि लघवी वाढवणारी औषधं घेणारे यांनी ते टाळावं. गरोदरपणात कोणताही काढा स्वतःच्या मनाने घेऊ नये. रानातून स्वतः मुळं खणून आणणं तर सगळ्यांत धोक्याचं. वाळल्यावर बरीच मुळं सारखी दिसतात आणि बचनागासारखं विषारी मूळ जीव घेऊ शकतं. कोणतं द्रव्य आणि किती दिवस, हे वैद्यांना विचारा आणि चालू गोळ्यांची नावं त्यांना आठवणीने सांगा.