प्रेस थांबवतं कोण?

चाकण, भोसरी, वाळूज इथल्या प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर पत्र्याचा तुकडा हाताने डायवर ठेवतो, स्ट्रोक देतो आणि तयार भाग बाहेर काढतो. दर स्ट्रोकला त्याचा हात रॅमखाली जातो. अशा शंभर टनी प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे न दिसणाऱ्या प्रकाशकिरणांचा पडदा, बसवायचा ठरला की मालकाचा पहिला प्रश्न असतो, ‘सेफ्टी पीएलसी कुठला घेऊ?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा.

पहिला प्रश्न क्लचचा. जुन्या की-क्लच प्रेसचा स्ट्रोक एकदा सुरू झाला की तो पूर्ण होऊनच थांबतो. तिथे लाइट कर्टनचा काही उपयोग नाही. हात आत जाणारच नाही असं पक्कं गार्ड हाच तिथला उपाय. हवेवर चालणारा क्लच-ब्रेक असलेली प्रेस मात्र मधेच थांबवता येते. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

मग धोका मोजायचा. इजा कायमची होणार, हात सारखा आत जाणार आणि रॅम सुटला तर हात मागे घ्यायला वेळ मिळणार नाही. तिन्ही उत्तरं वाईट आली की आयएसओ १३८४९ प्रमाणे ‘पीएल-ई’ ही सर्वांत कडक पातळी लागते. यंत्रांसाठीच्या दुसऱ्या मानकात तिला साधारण ‘सिल ३’ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, हात आत असताना प्रेस न थांबण्याइतका घातक बिघाड शंभर कोटी तासांत सरासरी १०० पेक्षा कमी वेळा व्हायला हवा.

ही मर्यादा पीएलसीपुरती नसते. किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंतच्या पूर्ण साखळीसाठी ती असते: लाइट कर्टन, सेफ्टी पीएलसी आणि क्लचला हवा देणारा व्हॉल्व्ह. आपल्या प्रेसचा नमुनादाखल हिशेब मांडू. चांगल्या लाइट कर्टनचे १० धरा, सेफ्टी पीएलसीचे २. व्हॉल्व्ह एकच असून चालत नाही. तो अडकला तर हवा सुटत नाही आणि पीएलसीने कितीही आज्ञा दिली तरी रॅम खाली येतच राहतो. म्हणून एकमेकांवर नजर ठेवणारा दुहेरी व्हॉल्व्ह घ्यायचा. त्याची एक बाजू अडकली तरी दुसरी हवा सोडते आणि पुढचा स्ट्रोक मिळत नाही.

मिनिटाला २० स्ट्रोक, दिवसाला १६ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर व्हॉल्व्ह वर्षात ५७ लाख ६० हजार वेळा चालतो. मानकातला नेहमीचा आकडा असा, की २ कोटी वेळा चालल्यावर शंभरातले दहा व्हॉल्व्ह घातक रीतीने बिघडलेले असतात. यावरून दुहेरी व्हॉल्व्हचे साधारण ८६ येतात. एकूण ९८. सिल ३ जेमतेम मिळालं, आणि त्यात पीएलसीचा वाटा फक्त २. शिवाय २ कोटींचा आकडा साडेतीन वर्षांच्या आतच पूर्ण होतो. त्याआधी व्हॉल्व्ह बदलावाच लागतो, मग तो उत्तम चालत का असेना. ही तारीख मेंटेनन्सच्या वहीत क्वचितच दिसते.

मग पीएलसीचं काय? साधा पीएलसी इथे नको, कारण त्याचं आउटपुट चालू अवस्थेत चिकटलं तर ते त्याला स्वतःला कळत नाही. सेफ्टी पीएलसीत दोन प्रोसेसर एकमेकांचं उत्तर ताडतात आणि आउटपुट क्षणभर बंद करून तपासत राहतात. तरी एक प्रेस, एक पडदा आणि एकच काम असेल तर चांगला सेफ्टी रिले पुरतो. डाय बसवताना इंचिंग, कधी दोन हातांची बटणं, मागचे दरवाजे, दोन ऑपरेटर अशा पद्धती वाढल्या की सेफ्टी पीएलसी घ्यावा. प्रोग्रॅमला पासवर्ड हवा आणि बदल करणाऱ्याची नोंदही हवी.

शेवटी अंतर. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. रॅम थांबायला १४० मिलिसेकंद, पडद्याला १५, पीएलसीला ४५, असे २०० मिलिसेकंद लागले तर १४ मिलिमीटरचं बोटही ओळखणारा पडदा डायपासून किमान ४०० मिलिमीटर दूर हवा. ब्रेकचं लायनिंग झिजून रॅमला १९० लागू लागले की ५०० हवेत. पडदा जागच्या जागी असतो, हिरवा दिवा लागलेला असतो, प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि हात मात्र वेळेत वाचत नाही. स्टॉप-टाइम मीटर लावल्याशिवाय हे कळत नाही.

तेव्हा पुरवठादाराकडून पीएलसीच्या प्रमाणपत्राबरोबर पूर्ण साखळीचा हिशेब, व्हॉल्व्ह बदलण्याची तारीख आणि तुमच्याच प्रेसवर मोजलेला थांबण्याचा वेळ लेखी मागा. हे तिन्ही मिळेपर्यंत त्या प्रेसवर हाताने माल भरू देऊ नका.