एकाच घरची दोन बोलावणी

माझा एक जुना विद्यार्थी इंदुरातील एका संगणक कंपनीत चार वर्षे नोकरी करीत आहे. गेल्या महिन्यात तो थोडा चिंतातुर होऊनच घरी आला. बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीच्या पेमेंट विभागाने त्याच्या दोन मुलाखती घेतल्या होत्या आणि तिसरी व्हावयाची होती. इतक्यात त्याच कंपनीच्या क्लाउड विभागाच्या रिक्रूटरबाईंचे पत्र आले. पहिल्या बोलण्यांची त्यांना कल्पना नसावी. "सर, गप्प राहिलो तर दोन्ही दारे उघडी राहतील ना?" असा त्याचा प्रश्न होता.

हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा असल्याने, भरतीच्याच कामात मुरलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीला मी दूरध्वनी केला. तिने सांगितलेली गोष्ट वाचकांनाही उपयोगी पडेल.

मोठ्या कंपन्यांत उमेदवारांची संगणकीय नोंदवही असते. बहुधा ई-मेलच्या पत्त्यावरून एका व्यक्तीचे एकच पान निघते. त्यावर प्रत्येक जागेचा अर्ज, मुलाखतीचे शेरे आणि रिक्रूटरचे नाव असते. म्हणजे दुसरा रिक्रूटर आज ना उद्या ते पान पाहणारच. न सांगितल्याने गोष्ट लपत नाही. लपविली एवढेच दिसते. निराळा पत्ता दिल्यास दोन पाने होतात, आणि ती पुढे जुळली की संशय अधिकच वाढतो.

तिच्या सल्ल्याने त्याने त्याच रात्री उत्तर पाठविले: "आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. आपल्याच कंपनीच्या पेमेंट विभागाशी माझी बोलणी चालू असून दोन मुलाखती झाल्या आहेत. तेथील रिक्रूटरचे नाव खाली देत आहे. दोन्ही प्रक्रिया एकत्र चालू शकतात की एकीचा निर्णय होईपर्यंत थांबावे, हे कृपया कळवावे." याची प्रत पहिल्या रिक्रूटरलाही गेली. पगाराचा किंवा मुलाखतीतील प्रश्नांचा उल्लेख त्याने केला नाही; दोन विभागांत चढाओढ लावणे हा हेतूच नव्हता.

क्लाउड विभागाने थांबावयास सांगितले. पुढे पेमेंट विभागाचा नकार आला. काही कंपन्यांत अशा नकारानंतर कित्येक महिने दुसऱ्या विभागाचेही दार बंद राहते, म्हणून तो नियम आधीच विचारून घ्यावा. येथे मात्र तसे बंधन नव्हते. पहिल्या मुलाखतीचे चांगले शेरे पुढे गेले, प्रोग्रॅमिंगची परीक्षा पुन्हा द्यावी लागली नाही आणि दुसऱ्या विभागात त्याची निवड झाली.

एक सावधगिरी मात्र हवी. दुसरे बोलावणे बाहेरच्या एजन्सीकडून आले, तर माहितीपत्रक पाठविण्यापूर्वीच कंपनीचे व जागेचे नाव विचारावे आणि आपली बोलणी चालू असल्याचे सांगावे. एकाच उमेदवारावर दोघांनी शुल्काचा हक्क सांगितला, तर तंटा टाळण्यासाठी कंपनी कधी कधी उमेदवारालाच वगळते.