हळदीचे तीन ठिपके

तानसा परिसरातल्या एका विद्यार्थिनीने रविवारी मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. पांढऱ्या पातळ पट्टीवर एकावर एक असे तीन पिवळे ठिपके आणि खाली प्रश्न: "सर, तीन आले. माझं कुर्क्युमिन बिघडलं का?" परसातली हळद वाळवून, कुटून तिने तिचा अर्क काढला होता. त्यातून मिळालेली केशरी पूड शुद्ध आहे की नाही, हे त्या पट्टीवरून ठरवायचं होतं.

पट्टीवर सिलिकाचा बारीक थर असतो. खालच्या कडेपासून सेंटीमीटरभर वर पेन्सिलीने रेघ ओढायची. पेनची शाई द्रावकाबरोबर वर पळते, म्हणून पेन्सिलच. रेघेवर ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या नमुन्याचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवायचा आणि पट्टी झाकणाच्या बरणीत उभी करायची. तिच्या बरणीत क्लोरोफॉर्मचे ९५ भाग आणि मिथेनॉलचे ५ भाग होते. हे काम धुराड्याखालीच करायचं. द्रावकाची पातळी रेघेच्या खाली हवी, नाहीतर ठिपका बरणीतच विरघळून जातो. टिपकागद पाणी ओढतो तसा थर द्रावक वर ओढतो. पट्टी बाहेर काढली की द्रावक कुठवर चढलं तिथे लगेच खूण करावी लागते, कारण मिनिटभरात ते उडून जातं.

ठिपका किती वर गेला भागिले द्रावक किती वर गेलं, हा झाला आरएफ. दोन्ही अंतरं पेन्सिलीच्या रेघेपासून मोजायची, ठिपक्याचं त्याच्या मध्यापर्यंत. हे गुणोत्तर असल्यामुळे फोटोवर मोजपट्टी लागत नाही, पिक्सेल पुरतात. तिच्या फोटोत रेघेपासून द्रावकाची खूण १२०० पिक्सेलवर होती आणि ठिपके ९००, ६६० आणि ३२४ वर. म्हणजे आरएफ ०.७५, ०.५५ आणि ०.२७.

मात्र मोबाइल तिरका धरला तर गुणोत्तरही फसवतं. पट्टीची खालची कड फोटोत ५०० पिक्सेल आणि वरची ४४० भरली, तर मधोमध असलेला ०.५० चा ठिपका ०.५३ वाटतो. म्हणून फोटो मोजण्याआधी मी दोन्ही कडांची रुंदी पाहतो. तिच्या फोटोत त्या सारख्या होत्या. आणखी एक गोष्ट: हळदीचा डाग उन्हात उडतो हे घराघरात ठाऊक आहे, पट्टीवरही तेच होतं. फोटो लगेच काढावा.

आता तीन ठिपक्यांचं. ते बिघाडाचं लक्षण नव्हतं. हळदीतच तीन जवळचे भाऊबंद असतात: कुर्क्युमिन, त्यातून एक मिथॉक्सी गट कमी असलेलं, आणि दोन्ही गट नसलेलं. मिथॉक्सी गट शेजारच्या हायड्रॉक्सिलला स्वतःशी बांधून ठेवतो. तो नसला की हायड्रॉक्सिल मोकळा होतो आणि सिलिकाला घट्ट चिकटतो. म्हणून कुर्क्युमिन सगळ्यात वर जातं आणि दोन्ही गट गमावलेलं सगळ्यात खाली राहतं. 'कुर्क्युमिन' म्हणून बाटलीत विकत मिळणारी पूडही बहुधा हेच तीन ठिपके दाखवते. म्हणून मी तिला एकाच नव्या पट्टीवर तीन ठिपके शेजारी ठेवायला सांगितलं: तिचा नमुना, बाटलीतला, आणि मध्ये एकाच जागी दोन्ही. द्रावकाचं प्रमाण किंवा बरणीतली वाफ थोडी बदलली तरी आरएफ सरकतो, त्यामुळे कुठल्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा शेजारचा ठिपका जास्त खरा. मधल्या जागी तीनच ठिपके उमटले, एकही फुटला नाही.

म्हणजे तिच्याकडे अस्सल हळदीचा रंग होता, पण एकच एक पदार्थ नव्हता. यापुढची चूक बरेच जण करतात: एकच ठिपका दिसला की नमुना शुद्ध म्हणतात. डोळ्यांना फक्त पिवळं दिसतं. हळदीचं तेल पट्टीवर डोळ्यांना दिसत नाही. ते द्रावकाच्या टोकाजवळ जातं आणि २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली हिरव्या पट्टीवर काळपट डाग म्हणून किंवा आयोडीनच्या वाफेतच दिसतं. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून मिसळतात त्या मेटॅनिल यलोचा डाग या द्रावकात जवळजवळ रेघेवरच बसून राहतो. लेड क्रोमेट तर ॲसिटोनमध्ये विरघळतच नाही, पट्टीवर येतच नाही. तिथे ही परीक्षा गप्प असते, शिशासाठी वेगळी तपासणी करावी लागते.

तिने मग अर्क सिलिका भरलेल्या काचनळीतून सोडला आणि बाहेर पडणारा द्राव थोडा थोडा करून वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत धरला. दुसऱ्या फोटोत नवव्या नळीचा एकच ठिपका होता, ०.७५ वर. मी तिला तोच नमुना पाचपट जास्त लावायला सांगितलं. तिसऱ्या फोटोत ०.५५ वर फिकट पिवळी सावली उमटली होती.