भूक म्हणताना भूत का होतं?

साडेचार वर्षांचा एक मुलगा आहे असं समजू आणि त्याला ओम म्हणू. पोटात कावळे ओरडायला लागले की ओम म्हणतो, ‘आई, भूत लागली.’ काकाला तो ‘ताता’ म्हणतो, गाडीला ‘दाडी’, खिडकीला ‘थिडती’ आणि घराला ‘धर’. घरच्यांना ते सवयीनं समजतं, पण दारात आलेल्या पाहुण्यांना आईनं उलगडून सांगावं लागतं. शेजारची सई आठ वर्षांची. तिचं बोलणं कुणालाही कळतं. मात्र साखर, मासा, रस म्हणताना तिच्या जिभेचं टोक दातांच्या फटीतून बाहेर डोकावतं आणि ‘स’ फुसका येतो. दोघांबद्दलही घरात एकच बोललं जातं : बोबडं आहे. स्पीच थेरपिस्टच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या अडचणी आहेत. दोघांना एकच उपचार दिला, तर एकाचे कित्येक महिने वाया जाऊ शकतात, आणि बहुतेक वेळा ते ओमचे असतात.

ओमच्या चुका कागदावर मांडल्या आणि शेजारी आपला वर्णमालेचा तक्ता ठेवला, की खरा प्रकार दिसतो. ‘क’चा ‘त’ होतो, ‘ख’चा ‘थ’, ‘ग’चा ‘द’ आणि ‘घ’चा ‘ध’. म्हणजे अख्खा ‘क’ वर्ग उचलून ‘त’ वर्गात आला आहे, तोही आपला क्रम न मोडता. ‘ख’ म्हणताना जशी जास्तीची हवा सोडायची, तशी ओम ‘थ’ म्हणताना सोडतो. ‘ग’ला घशात जो कंप लागतो, तो त्याच्या ‘द’लाही आहे. हे सगळं त्याला जमतं. चुकते ती एकच गोष्ट, ती म्हणजे जागा. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकायच्या ऐवजी पुढचं टोक दातांशी टेकतं. वरवर चार अक्षरं चुकतात असं वाटतं, पण मुळात चुकतो आहे एक नियम. अशा नियमबद्ध गोंधळाला फोनॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. मराठीत त्याला ध्वनिव्यवस्थेचा दोष म्हणता येईल. दोन-तीन वर्षांची बरीच मुलं अशीच बोलतात आणि साडेतीनच्या सुमारास ही सवय आपोआप सुटते. ओमची सुटलेली नाही.

सईची गोष्ट निराळी आहे. तिचा एकच ध्वनी बिघडला आहे, आणि शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी तो सारखाच बिघडतो. मुख्य म्हणजे तिचा ‘स’ दुसऱ्या कुठल्या अक्षराच्या जागेवर जाऊन बसत नाही. जीभ दातांत घेऊन काढलेला तो ध्वनी मराठीत वेगळं अक्षर म्हणून नाहीच, त्यामुळे ऐकणाऱ्याला ‘स’ बिघडलेला वाटतो, पण शब्द तोच कळतो. ओमच्या बोलण्यात मात्र भूक आणि भूत, हाक आणि हात, नाक आणि नात या जोड्या एकमेकींत मिसळून जातात. दोन शब्दांमधला भेद पुसला जातो का, हा या दोन दोषांना वेगळं करणारा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे असं मला वाटतं. सईच्या अडचणीला आर्टिक्युलेशन डिसऑर्डर, म्हणजे उच्चारदोष म्हणतात. तिथे कौशल्य कमी पडतं ते जिभेचं.

‘पण ओमची जीभ मागे जातच नसेल तर?’ ही पालकांची शंका रास्त आहे. नील स्मिथ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं आपल्या मुलाच्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्या आणि 1973 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा मुलगा ‘पडल’ या इंग्रजी शब्दाला ‘पगल’ म्हणायचा. यावरून मधला ‘ड’ त्याला येत नाही असं कुणीही म्हटलं असतं. पण ‘पझल’ म्हणताना तोच मुलगा स्वच्छ ‘पडल’ म्हणत असे! तोंडाला ध्वनी येत होता, फक्त तो योग्य शब्दात पोचत नव्हता. मराठी मुलांतही असं सापडू शकतं : ‘काका’चा ‘ताता’ करणारा मुलगा ‘तुकडा’ला ‘कुकडा’ म्हणतो, म्हणजे जिथे ‘क’ नको तिथे तो बिनचूक काढतो.

मुलांच्या कानांचंही तसंच आहे. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी 1960 साली एका मुलाची नोंद केली. तो ‘फिश’ला ‘फिस’ म्हणायचा, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की रागावून ‘फिस नाही, फिस!’ असं सुधारायचा. म्हणून ‘अरे, नीट ऐक आणि नीट म्हण’ असं दहादा सांगून ओमला काही मिळत नाही. तुमचं त्याला ऐकू येतं. स्वतःच्या बोलण्यात दोन शब्द एक झालेत, हे त्याला उमगलेलं नाही.

तपासणीची सुरुवात कानांपासून होते. सारखी सर्दी होणाऱ्या मुलाच्या मधल्या कानात पाणी साठून ऐकू कमी येत असेल, तर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. मग टाळू, दात, जीभ पाहिली जाते. त्यानंतर थेरपिस्ट चित्रं दाखवून पन्नासेक शब्द वदवून घेतात, काही शब्द पुन्हा पुन्हा विचारतात आणि थोड्या मोकळ्या गप्पा रेकॉर्ड करतात. एकच शब्द दर वेळी वेगळ्या तऱ्हेनं चुकत असेल, तर तो तिसराच प्रकार असू शकतो आणि त्याची तपासणीही वेगळी असते. चुकलेला ध्वनी समोर तोंड दाखवून म्हणायला लावला तर जमतो का, हेही पाहतात.

सीमारेषा दर वेळी ठळक नसते. फक्त ‘र’ला ‘ल’ म्हणणाऱ्या, ‘रात’ची ‘लात’ करणाऱ्या मुलात भेद पुसला जातो, पण चूक एकाच ध्वनीची असते आणि ‘र’ हा जिभेला खरोखर अवघड आहे. पुष्कळ मुलांना तो पाच-सहा वर्षांपर्यंत येत नाही. काही मुलांत दोन्ही दोष एकत्र असतात. आणि वऱ्हाडातलं मूल ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणत असेल किंवा एखाद्या घरात सगळेच ‘पानी’ म्हणत असतील, तर तो दोष नाही, ती त्यांची बोली आहे. तिच्यावर उपचार करायचे नसतात.

सईच्या उपचाराचं ध्येय सरळ आहे : ‘स’ची योग्य घडण जिभेला शिकवणं आणि ती सहज बोलण्यात मुरवणं. आधी तिनं थेरपिस्टच्या तोंडचे बरोबर आणि चुकीचे ‘स’ ओळखायचे, मग स्वतःचे. नंतर दात मिटून, जीभ आत ठेवून लांब ‘स्स्स’ काढायचा. मराठी थेरपिस्टच्या हाताशी इथे एक सोय आहे. दात मिटून ‘त’ म्हणायचा आणि हवा हळूहळू सोडायची, की ‘चाक’, ‘चमचा’ यांतला दंत्य ‘च’ येतो. त्याची शेपटी लांबवली की ‘स’ हाती लागतो. मग सा-सी-सू, पुढे साबण, मासा, रस, त्यानंतर वाक्यं, मोठ्यानं वाचन आणि शेवटी गप्पा. एका पायरीवर दहात आठ-नऊ वेळा बरोबर आलं की पुढची पायरी. गाडी अडते ती बहुधा शेवटी. खोलीत सुरेख ‘स’ म्हणणारी मुलगी जिन्यात मैत्रीण भेटली की जुना ‘स’ काढते. म्हणून थेरपिस्टसमोर जमलं की उपचार संपला, असं मानू नये.

ओमवर हीच पद्धत लावली तर काय होईल? आधी ‘क’ घटवायचा, मग ‘ख’, मग ‘ग’, मग ‘घ’, प्रत्येकाच्या सगळ्या पायऱ्या. वर्ष सरेल आणि मोडायचा नियम जागेवरच राहील. त्याच्या उपचाराचं ध्येय वेगळं आहे : ‘क’ आणि ‘त’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची अदलाबदल झाली की अर्थ बदलतो, हे त्याच्या मनात रुजवणं. टेबलावर चित्रांचे पत्ते मांडतात : हाक आणि हात, नाक आणि नात, भूक आणि भूत. आधी थेरपिस्ट शब्द म्हणतात आणि ओम चित्र दाखवतो. मग ओम मास्तर होतो. त्याला हवं असतं ‘हाक’चं चित्र, पण तोंडातून येतं ‘हात’, आणि थेरपिस्ट शांतपणे हाताचं चित्र उचलून देतात. ओम मान हलवतो. ‘ते नाही!’ आपलं बोलणं आपल्याला हवं तिथे पोचलं नाही, हे त्याला तिथे पहिल्यांदा दिसतं. दुरुस्तीची गरज त्याची स्वतःची होते. ‘क’ मुळीच निघत नसेल, तर मधली काही मिनिटं जिभेसाठी द्यावी लागतात. पाण्याची गुळणी करायला लावतात, किंवा उताणं झोपवून जिभेचं टोक चमच्यानं खाली धरतात, म्हणजे मागचा भाग उचलला जातो. पण लगेच परत पत्त्यांकडे यायचं.

यश मोजण्याची रीतही वेगळी आहे. शिकवलेला ‘हाक’ बरोबर आला, यानं फारसं काही सिद्ध होत नाही. कधीच न घेतलेले काकडी, डोकं, केळं हे शब्द सुधारले का, आणि ‘ग’ला हातही न लावता ‘दाडी’ची ‘गाडी’ झाली का, हे पाहायचं. तसं झालं की नियम मोडला. ज्या मुलांत असे चार-पाच नियम एकदम असतात आणि बोलणं जवळजवळ कळतच नाही, त्यांच्यासाठी बार्बरा हॉडसन आणि एलेन पेडन यांनी 1983 साली फेऱ्यांची पद्धत मांडली. तिच्यात एक नियम पक्का होईपर्यंत थांबत नाहीत. थोडे दिवस एक, मग दुसरा, आणि पुन्हा पहिल्याकडे. मुलं नाहीतरी भाषा अशीच शिकतात.

दोन गोष्टी मात्र सोडून द्याव्यात. शिट्टी वाजवणं, फुगे फुगवणं, जीभ बाहेर काढून फिरवणं अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा नाही. जिभेला वेखंड उगाळून लावल्यानं ‘क’ आणि ‘त’मधला भेदही कळत नाही. जिभेखालचा पडदा कापायची घाईही बहुतेकदा अनाठायी असते. ज्या मुलाला ‘त’ आणि ‘द’ नीट येतात, त्याची ‘क’ची अडचण त्या पडद्यामुळे नसते.

किती दिवस वाट पाहावी? ढोबळ मानानं तीन वर्षांच्या मुलाचं बरंचसं बोलणं आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं बोलणं परक्या माणसाला समजायला हवं. ओमसारखं मूल तसंच पहिलीत गेलं, तर वाचन-लेखनातही अडखळण्याचा धोका असतो. ते बोलतं तसं लिहितं. सईसारख्या मुलांत दुधाचे पुढचे दात पडलेले असताना थोडं थांबलं तरी चालतं. पण ‘स’ची हवा जिभेच्या बाजूंनी, ओलसर आवाज करत जात असेल, तर वयानं ते सुटेल अशी आशा धरू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर सुरू केलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा मुलांची तपासणी होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगी थेरपिस्टकडे जाणार असाल, तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी आहे ना, ते विचारून घ्या. जाण्याआधी आठवडाभर मूल जे शब्द चुकीचे म्हणतं ते जसेच्या तसे लिहून काढा, बरोबर येणारेही लिहा, आणि पहिल्याच भेटीत विचारा : हिला ध्वनी काढायला शिकवायचं आहे, की दोन ध्वनींतला भेद?