मामा की नाना?

एरंडोलमधल्या एका घरी आखाजीच्या झोक्यावरची अहिराणी गाणी साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरलेली होती. बायकांचा आवाज गोधडीआडून यावा तसा येत होता. मी आधी टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. मग हेडशेजारचा बारका स्क्रू केसभर फिरवला आणि ‘स’ सर्वांत ठसठशीत झाला तिथं थांबलो. हेड तिरकं बसलं की वरच्या पट्टीतले आवाज आधी विझतात. टेपवर मुळातच नसलेलं मात्र स्क्रू फिरवून परत येत नाही.

एक ओळ अडली. कानाला आलं ते ‘गयामामाय’, म्हणून वहीत तेवढंच सलग लिहिलं. अर्थ आधी ठरवला की कानही तोच ऐकू लागतो, आणि मग सुटका नाही. आमच्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून हे ‘गयामा माय’, म्हणजे गळ्यात माळ. पण ‘गया’ म्हणजे ‘गेला’सुद्धा! मग ते ‘गया मामा, ये’ असेल. आखाजीला माहेरचं माणूस लेकीला न्यायला येतं, त्यामुळे हाही अर्थ चपखल.

उलगडा पुढच्या ओळीनं केला. तिथं ‘पायमा’ स्वच्छ होतं आणि पाठोपाठ ‘तोडा’ किंवा ‘जोडा’. अंगाचा भाग, मग तिथला दागिना, अशी घडण दिसली तेव्हा माळ पक्की झाली. तोडा की जोडा हे कानानंच सांगितलं. ‘ज’ म्हणताना गळ्यात घुमारा असतो, ‘त’ला नसतो, आणि घुमारा खालच्या पट्टीतला असल्यानं दबलेल्या टेपवरही टिकतो. तिथं घुमारा नव्हता. मिलर आणि नाइसली यांनी 1955 साली इंग्रजी व्यंजनांवर हेच दाखवलं होतं. वरची पट्टी कापली तरी घोष आणि नाकातला सूर ओळखू येतो, उच्चार तोंडात नेमका कुठं झाला ते मात्र हरवतं.

नेमकं तेच शेवटच्या शब्दाला नडलं. तोडा आणला कुणी, मामानं की नानानं? दोन्ही अनुनासिक, स्वर सारखे, मात्रा सारख्या. फरक ओठ मिटले की जीभ दातांमागं टेकली एवढाच. वेग निम्मा केला, सूर तोच ठेवला, कोरसनं ओळ उचलली तिथंही ऐकलं. पण दहा गळ्यांत शब्द आणखीच विरघळला. दुसऱ्या एकाला माझी वही न दाखवता ऐकवलं. त्यानं ‘नाना’ लिहिलं, मी ‘मामा’.

शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “मामाच शे, भाऊ.” पण त्यांना टेप ऐकूच जात नव्हती. त्या सांगत होत्या ते त्यांच्या गावचं गाणं. म्हणून त्यांचा पाठ मी खाली वेगळा टिपला, आणि ओळीत लिहिलं: [मामा/नाना?].