स्वभाव की सध्याची अवस्था?

समजा, चाकणच्या कारखान्यातला २७ वर्षांचा कंत्राटी कामगार मानसोपचारतज्ज्ञांकडे आला आहे. सुपरवायझरशी भांडणं, घरी आदळआपट, एकदा रागात हातावर ब्लेडने ओढलेल्या रेघा. सोबतचा मोठा भाऊ म्हणतो, "डॉक्टर, याचा स्वभावच असा आहे." व्यक्तिमत्त्व विकाराची शंका येतेच, पण आधी विचारायचं, "असा म्हणजे कधीपासून?"

खोदून विचारल्यावर कळतं, की गावी, आयटीआयमध्ये, पहिल्या नोकरीत कुणाशी वाद नव्हता; जुने मित्र आजही टिकून आहेत. बिघडलं ते आठ महिन्यांपूर्वी, रात्रपाळी लागल्यावर. दिवसा पत्र्याच्या खोलीत चार तासही झोप नाही, मग झोपेसाठी दारू. आयसीडी-११ नुसार व्यक्तिमत्त्व विकार म्हणायला त्रास साधारण २ वर्षं किंवा अधिक टिकलेला आणि वेगवेगळ्या नात्यांत, प्रसंगांत दिसणारा हवा. तो नशेचा किंवा दुसऱ्या आजाराचा थेट परिणाम नसावा. उदास माणूस "मी पहिल्यापासूनच वाईट" असंही सांगू शकतो, म्हणून घरच्यांकडून खातरजमा करायलाच हवी.

केसपेपरवर "भांडखोर व्यक्तिमत्त्व" लिहिणं चूक. लिहावं ते असं: "८ महिन्यांपासून चिडचिड, सुरुवात रात्रपाळी व मद्यपानासोबत, त्याआधी असं वागणं नाही, व्यक्तिमत्त्वाचं निदान तूर्त राखून, झोप व दारूवर उपचारानंतर काही आठवड्यांनी पुन्हा मुलाखत." आत्महत्येच्या विचारांची चौकशी मात्र पहिल्याच भेटीत व्हावी.

घरच्या माणसासोबत डॉक्टरांकडे जाल, तेव्हा तो आधी कसा होता, हे नीट आठवून जा.