सकाळी साडेसहाचं बातमीपत्र कसं लिहितात

ईमेलवर येणारं सकाळचं बातमीपत्र वाचक पाच मिनिटांत वाचून मोकळा होतो. त्यात साधारण सहाशे-सातशे शब्द मावतात, म्हणजे चार बातम्या नीट समजावून सांगता येतात आणि तीन-चार एकेका ओळीत उरकता येतात. ते लिहिणाऱ्याचं काम मात्र आदल्या संध्याकाळी सुरू होतं आणि पहाटे साडेचार-पाचला उठून संपतं. हे काम कसं चालतं, ते एका खऱ्या दिवसावरून पाहू.

७ जून २०२५, शनिवार. आदल्या दिवशी रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर झालं होतं. जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब पुलाचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं होतं. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जूनला चेंगराचेंगरीत अकरा जणांचा जीव गेला होता, त्याचे पडसाद अजून उमटत होते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जूनला खुला झाला होता. रायगडावर शिवराज्याभिषेक दिन झाला होता आणि आज बकरी ईद होती.

यातलं पहिलं काय? चित्रं सगळ्यांत देखणी पुलाची होती, पण पहिली जागा रेपो दराला द्यायला हवी. कसोटी सोपी आहे. ही बातमी कळली नाही तर वाचकाला आज कुठे अडेल? पूल आठवड्याने कळला तरी पुण्यातल्या वाचकाचं काही अडत नाही. कर्जाचा हप्ता आणि मुदत ठेव मात्र घरोघरी असते, आणि त्या शनिवारी कुणी बँकेत ठेव ठेवायला निघालेलं असू शकतं.

बातमी ठरली की पहिलं काम लिहिण्याचं नसतं, तथ्यांची चिठ्ठी करण्याचं असतं. पतधोरणाच्या दिवशी सकाळी दहाला गव्हर्नर निवेदन वाचतात आणि ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर येतं. इतर माध्यमांच्या बातम्या वाचाव्यात, पण आकडे या मूळ निवेदनातूनच उचलावेत. त्या दिवशीची चिठ्ठी अशी झाली असती: रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्के, तत्काळ लागू. सहा सदस्यांच्या समितीत पाच जण अर्ध्या टक्क्याच्या कपातीच्या बाजूने. फेब्रुवारीत दर ६.५० होता, मग ६.२५, एप्रिलमध्ये ६. भूमिका ‘समायोजक’वरून ‘तटस्थ’. रोख राखीव प्रमाण चारवरून तीन टक्के, पण सप्टेंबरपासून चार टप्प्यांत. महागाईचा वार्षिक अंदाज ४ वरून ३.७ टक्के. पुढच्या कपातीला फारच कमी वाव, असं गव्हर्नर म्हणाले.

यातलं निम्मं अंकात जाणार नाही. तरीही चिठ्ठी पूर्ण हवी. काय गाळायचं ते सगळं समोर असलं तरच ठरवता येतं. रोख राखीव प्रमाण बँकांसाठी फार महत्त्वाचं आहे, पण ते समजावायला तीन वाक्यं लागतील आणि वाचकाच्या हातात त्यातून काही पडणार नाही. ते गाळायचं. भूमिका तटस्थ झाली हे ठेवायचं, कारण पुढच्या कपातीची आशा त्यावर अवलंबून आहे.

पहाटेच्या घाईत पहिला मसुदा हमखास असा उतरतो: ‘कर्जदारांसाठी मोठी खुशखबर! रिझर्व्ह बँकेने रेपो दरात ०.५० टक्क्यांची घसघशीत कपात केल्याने गृहकर्जाचे हप्ते स्वस्त झाले आहेत.’

वाक्य खेळकर आहे आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाला अडखळतं. खुशखबर कुणाला? निवृत्त शिक्षिका व्याजावर घर चालवत असतील तर त्यांच्यासाठी ती वाईट बातमी आहे, आणि त्याही याच बातमीपत्राच्या वाचक आहेत. हप्ते ‘झाले’ हे चूक आहे. बँकेने अजून आपला दर बदललेला नसेल, आणि बदलला तरी तो प्रत्येक कर्जाला ठरलेल्या तारखेलाच लागू होतो. शिवाय अनेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. ‘०.५० टक्क्यांची कपात’ म्हटल्यावर कुठून कुठे ते कळत नाही. दोन्ही टोकं सांगितली की घोळ राहत नाही. ‘घसघशीत’ शब्द काढून आधीच्या दोन कपाती किती होत्या ते लिहावं, मोठं की लहान ते वाचक ठरवेल.

दुरुस्त मसुदा असा:

‘रिझर्व्ह बँकेने काल (शुक्रवारी) रेपो दर सहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. बँका रिझर्व्ह बँकेकडून थोड्या मुदतीसाठी पैसे घेतात, त्यावरचं हे व्याज. फेब्रुवारीपासूनची ही तिसरी कपात, आधीच्या दोन पाव-पाव टक्क्याच्या होत्या. तुमचं गृहकर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर बँकेने पुढच्या तीन महिन्यांच्या आत नवा दर लावायला हवा. उदाहरणार्थ, तीस लाखांचं कर्ज आणि वीस वर्षं बाकी असतील, तर साडेआठऐवजी आठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५ रुपयांवरून साधारण २५,०९३ वर येईल. मुदत ठेव करणार असाल, तर नव्या ठेवींचे दर उतरू शकतात. ठरावीक दराने आधीच केलेल्या ठेवीला धक्का नाही. पतधोरणाची भूमिका आता ‘तटस्थ’ झाली आहे आणि पुढच्या कपातीला फारच कमी वाव उरल्याचं गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सांगितलं.’

काय झालं, ते म्हणजे काय, आधी काय होतं, तुम्हाला काय, आणि पुढे काय. हाच क्रम बातमीपत्राचा आवाज घडवतो. रोज तोच क्रम मिळाला की आठवड्याभरात वाचकाला कुठे काय सापडेल ते ठाऊक होतं. आपुलकीही यातच येते. ‘तर मंडळी’ आणि उद्गारचिन्हांनी ती येत नाही. कठीण शब्द आला की त्याच श्वासात तो उलगडून सांगणं आणि वाचकाच्या मनातला प्रश्न त्याने विचारायच्या आधी घेणं, यानेच ती येते. ‘उदाहरणार्थ’ हा शब्दही मुद्दाम आहे. तो नसता तर हे आकडे रिझर्व्ह बँकेने दिलेत असं वाटलं असतं.

दुसऱ्या बातमीत वेगळी फसगत दबा धरून असते. चिनाब पूल नदीच्या तळापासून ३५९ मीटर उंचीवर आहे आणि तो ‘आयफेल टॉवरपेक्षा ३५ मीटर उंच’ असं सरकारी माहितीत आणि अनेक बातम्यांत होतं. वजाबाकी करून पाहा. आयफेल टॉवर ३२४ मीटरचा धरला तर ३५ येतात. पण मार्च २०२२ मध्ये त्याच्या शेंड्यावर नवा अँटेना बसला आणि तो ३३० मीटरचा झाला. फरक उरतो २९. शिवाय टॉवर जमिनीपासून मोजला आहे आणि पूल दरीच्या तळापासून, तेव्हा तुलना मुळात लंगडी आहे. माझ्या मते ती सरळ काढावी आणि ३५९ मीटर कुठून मोजले एवढं लिहावं. ‘जगातला सर्वांत उंच कमानी रेल्वे पूल’ या दाव्यातला ‘कमानी’ हा शब्द शब्दमर्यादेपायी कापू नये. अधिकृत दावा त्या शब्दासह केलेला आहे. पंचवीस ठिकाणी छापून आलेला आकडा खरा असतोच असं नाही, बऱ्याचदा तो एकाच पत्रकातून पंचवीस ठिकाणी गेलेला असतो.

तिसरी बातमी बंगळुरूची. इथे क्रम तोच राहील, पण स्वर उतरवावा लागेल. एरवी शेवटच्या ओळीत थोडी गंमत करायची सवय असेल तर या परिच्छेदात ती नको, आणि याला लागून हलकीफुलकी बातमीही नको, मध्ये समृद्धीची कोरडी माहिती घालावी. अशा बातमीत शब्द तोलून वापरावे लागतात. ताब्यात घेणं आणि अटक करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निकाल लागेपर्यंत माणूस आरोपी असतो, दोषी नसतो. कुणी काही सांगितलं तर ‘म्हणाले’ लिहावं. ‘उघड केलं’ लिहिलं की ते खरं असल्याची ग्वाही आपण दिली. दुर्घटना ताजी असेल आणि मृतांचे दोन आकडे फिरत असतील, तर अधिकृतपणे दिलेला आकडा घ्यावा आणि कुणी, कधी दिला ते जोडावं: ‘पोलिसांनी रात्री अकराला दिलेल्या माहितीनुसार’. वाचक सकाळी सातला वाचेल तेव्हा आकडा बदललेला असू शकतो, पण वाक्य खोटं ठरणार नाही.

‘काल’ आणि ‘आज’ यांचंही तसंच. मजकुराचा बराच भाग आदल्या रात्री लिहिला जातो, त्यामुळे लिहिणाऱ्याचा ‘आज’ वाचकाचा ‘काल’ असतो. म्हणून वर ‘काल (शुक्रवारी)’ असं लिहिलं. कंसातला वार दिसायला किरकोळ आहे, पण पत्र रविवारी उघडणाऱ्यालाही तो सावरून घेतो.

सगळं लिहून झाल्यावर विषयाची ओळ. मोबाइलवर तीस-चाळीस अक्षरांपुढे ती कापली जाते, म्हणून कामाचा शब्द आधी: ‘रेपो साडेपाचवर, हप्ता कधी उतरेल?’ प्रश्न विचारला की उत्तर आत असायलाच हवं. वरच्या परिच्छेदात तीन महिन्यांचं वाक्य आहे म्हणून हा प्रश्न चालतो, नाहीतर ती वाचकाची फसवणूक झाली असती.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक बाब. पत्राचा मजकूर साधारण १०२ किलोबाइटच्या वर गेला की जीमेल उरलेला भाग कापून एका दुव्यामागे लपवतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन. काही सॉफ्टवेअर तर ‘क’ऐवजी `क` असं लिहून सात बाइट खातात. सातशे शब्दांनी मर्यादा ओलांडत नाही, पण सजावटीच्या भरगच्च साच्यात घातले की ओलांडू शकते, आणि सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा तळाशी असल्याने नेमका तोच आधी दिसेनासा होतो. म्हणून पाठवण्याआधी स्वतःला पाठवून शेवटपर्यंत सरकवून पाहावं.

तपासणी दुसऱ्या माणसाने करावी. एकट्याचं काम असेल तर शेवटच्या बातमीपासून वर यावं, म्हणजे ओघात वाहून जायला होत नाही. प्रत्येक आकडा, नाव, पद आणि तारखेवर बोट ठेवून ते चिठ्ठीशी ताडावं. चिठ्ठीत नाही ते अंकात नको, ते वाक्य कितीही छान जमलेलं असो.

एकदा गेलेलं ईमेल परत घेता येत नाही. संकेतस्थळावरची बातमी गुपचूप बदलता येते, ईमेलमधली नाही. म्हणून चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी पहिल्या बातमीच्याही वर दुरुस्ती द्यावी, चूक आणि बरोबर दोन्ही सांगून: ‘चिनाब पूल आयफेल टॉवरपेक्षा ३५ मीटर उंच असल्याचं काल लिहिलं होतं. टॉवरची सध्याची उंची धरता हा फरक २९ मीटर आहे.’ एवढ्या दोन ओळी पुरतात. दिलगिरीचा परिच्छेद लिहू नये आणि दुरुस्ती तळाशी ढकलू नये.